उजव्या कडेची आठ पिक्सेलची पट्टी: जेपेग फोटो न बिघडवता फिरवणं आणि कापणं

रुमालात बांधलेले जुने मोडी कागद मोबाइलनं टिपायचे, आडवे आलेले फोटो उभे करायचे, भोवतालचं टेबल कापून टाकायचं आणि मग वाचणाऱ्याच्या हाती द्यायचे, असं हे काम. मोबाइल स्टँडवर कागदाच्या बरोब्बर वर बसवलेला, तोंड खाली. प्रत्येक फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा. कॅमेऱ्यानं फक्त जेपेग दिलं, म्हणजे त्याहून चांगली मूळ प्रत कुठेच नाही. कागद काही या बाजूनं, काही त्या बाजूनं ठेवले गेले, त्यामुळे निम्मे फोटो घड्याळाच्या दिशेनं ९० अंश फिरवायचे आणि उरलेले २७० अंश.

फिरवण्यासाठी `jpegtran` वापरलं होतं. जेपेगवर प्रक्रिया करणाऱ्या `libjpeg` आणि `libjpeg-turbo` या संचांबरोबर ते फुकट मिळतं, आणि गुणवत्ता न घटवता फोटो फिरवणं हेच त्याचं काम. तरीही ९० अंशात फिरवलेल्या प्रत्येक फोटोच्या उजव्या कडेला एक बारीक उभी पट्टी दिसू लागली. ती शेजारच्या चित्राशी जुळत नव्हती. २७० अंशातल्या फोटोंत मात्र काहीच नाही. कॅमेरा तोच, आज्ञा तीच, मग एकाच बाजूला खोट का?

याचं उत्तर जेपेग चित्र कसं साठवतं त्यात आहे. पट्टीला घाबरून बरेच जण फोटो एखाद्या चित्र-संपादकात उघडतात, तिथे फिरवून पुन्हा सेव्ह करतात. पट्टी जाते खरी, पण त्याची किंमत सगळ्या पानाला मोजावी लागते.

सेव्ह केलं की नेमकं काय बिघडतं

जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातल्या ६४ पिक्सेलचं ६४ लहरींत रूपांतर होतं: एक आकडा सरासरी उजेडाचा, बाकीचे चढत्या बारकाव्यांचे. मग प्रत्येक आकड्याला ठरलेल्या पायरीनं भागून जवळच्या पूर्णांकावर आणलं जातं. एखादा आकडा ३७ आणि पायरी १० असेल, तर फाइलमध्ये ४ लिहिला जातो आणि उघडताना ४० मिळतो. हा ३ चा फरक पडला तो कायमचा. जेपेगमधलं नुकसान मुख्यतः इथे होतं.

हीच फाइल त्याच पायऱ्यांनी आणि त्याच चौकोनांवर पुन्हा सेव्ह केली, तर ४० ला १० नं भागून परत ४ च येतो. म्हणून “दर वेळी सेव्ह केलं की फोटो खराब होतो” हे अर्धंच खरं आहे. खरी खराबी तीन गोष्टींनी वाढते. पहिली, दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पायऱ्या वेगळ्या असतात. एकातली गुणवत्ता ‘९०’ आणि दुसऱ्यातली गुणवत्ता ‘९०’ यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. दुसरी, रंगाची माहिती बहुतेक मोबाइल निम्म्या रुंदी-उंचीत ठेवतात, ती उघडताना ताणली जाते आणि सेव्ह करताना पुन्हा आक्रसली जाते. तिसरी सगळ्यांत वाईट: डावीकडून ५ पिक्सेल कापले की चौकोनांची जाळी ५ पिक्सेल सरकते. आता नव्या चौकोनांत जुन्या चौकोनांचे तुकडे येतात, सगळे आकडे नव्यानं निघतात आणि नव्यानं गोल होतात. जुन्या जाळीच्या रेषा चित्रातच राहतात आणि त्यांवर नवी जाळी बसते.

मोडी कागदावर हे लवकर जाणवतं. बोरूच्या काळ्या रेघेभोवती करड्या ठिपक्यांची धूळ उठते, आणि फिकट झालेला टिंब त्या धुळीत मिसळतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. वाचणारा आधीच संदर्भावर विसंबून असतो, त्याच्या हातचा एखादा टिंबही जाऊ नये.

`jpegtran` पिक्सेलपर्यंत जातच नाही. ते फाइलमधले पूर्णांक बाहेर काढतं, त्यांची मांडणी बदलतं आणि पुन्हा भरतं. चौकोन आडव्याचा उभा करायचा तर ६४ आकड्यांच्या तक्त्यात ओळींचे स्तंभ करायचे. आरशात उलटा करायचा तर, शून्यापासून मोजून, विषम स्तंभांतल्या आकड्यांची चिन्हं बदलायची, अधिकचं उणे आणि उण्याचं अधिक. ९० अंश फिरवणं म्हणजे या दोन क्रिया एकापाठोपाठ करणं आणि चौकोनांच्या जागा त्याप्रमाणे बदलणं. पायऱ्यांचा तक्ताही बरोबर फिरतो. कुठेही भागाकार नाही, त्यामुळे गोल करणंही नाही.

पट्टी कुठून आली

रंगाची माहिती निम्मी ठेवली की (या पद्धतीला ४:२:० म्हणतात) ८ × ८ चा एक रंग-चौकोन १६ × १६ पिक्सेलची जागा व्यापतो. त्यामुळे हलवता येणारा सगळ्यांत छोटा तुकडा १६ × १६ चा होतो. रंग पूर्ण ठेवला असेल (४:४:४) तर तुकडा ८ × ८ चा असतो.

४००० ला १६ नं भागलं की बरोबर २५० येतात. ३००० ला भागलं की १८७ तुकडे आणि ८ पिक्सेल उरतात. म्हणजे फोटोच्या तळाशी शेवटच्या तुकड्यांची वरची ८ ओळींची बाजू खरी आहे आणि खालच्या ८ ओळी नुसतं भरण आहे. ते भरण दाखवायचं नाही, एवढं फाइलमधल्या उंचीच्या आकड्यावरून कळतं. असे अर्धवट तुकडे जेपेगमध्ये फक्त उजव्या आणि खालच्या कडेला चालतात. डावीकडे किंवा वर चालत नाहीत, कारण जाळी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते.

घड्याळाच्या दिशेनं ९० अंश फिरवलं की तळाची कड डावीकडे येते. अर्धवट तुकडे डावीकडे बसवता येत नाहीत, म्हणून `jpegtran` त्यांना उजव्या कडेलाच ठेवतं आणि आरशात उलटतही नाही. बाकी चित्र ८ पिक्सेल डावीकडे सरकतं. हीच ती पट्टी: मूळ फोटोच्या तळाच्या ८ ओळी, चुकीच्या कडेला. ती कायमची हानी नव्हे. उलट फिरवलं की सगळं जागच्या जागी येतं. २७० अंशात मूळ उजवी कड वर जाते, आणि रुंदी ४००० असल्यानं तिथे अर्धवट काहीच नाही. निम्मे फोटो स्वच्छ राहिले ते एवढ्यामुळे. हाच हिशेब १९२० × १०८० च्या चित्राला लागतो: १०८० मध्येही ८ उरतात. ४०३२ × ३०२४ ला लागत नाही, कारण दोन्ही आकडे १६ च्या पटीत आहेत. १८० अंशासाठी मात्र रुंदी आणि उंची दोन्ही पटीत हवी.

असा फोटो आला की थांब, असं `jpegtran` ला सांगता येतं. `-perfect` दिलं की ते “transformation is not perfect” म्हणतं आणि फाइल करत नाही. `-trim` दिलं तर अर्धवट तुकडे कापून टाकतं, फोटो २९९२ × ४००० चा होतो. रिकाम्या टेबलाच्या ८ ओळी गेल्या तर कोणी विचारणार नाही, पण कागद चौकटीच्या कडेपर्यंत गेला असेल तर समासातलं काही जाऊ शकतं, आणि तेही न सांगता. दप्तराच्या कामात `-trim` नकोच; `-perfect` कायम लावून ठेवावं आणि अडलेल्या फाइली हातानं बघाव्यात.

आधी कापा, मग फिरवा

इथे टेबल कापायचंच आहे. मग ते फिरवण्याआधी, उंची १६ च्या पटीत राहील असं कापलं, तर अडचण उरतच नाही. आधी फिरवून मग कापण्याची सवय असते, ती इथे उलटी करायची.

पण कापण्याआधी एक काम आहे. मोबाइल आपण कसा धरला हे गुरुत्वाकर्षणावरून ओळखतो आणि फाइलमध्ये दिशेची खूण लिहितो: १ म्हणजे सरळ, ६ म्हणजे दाखवताना ९० अंश फिरव, ३ म्हणजे १८०, ८ म्हणजे २७०. मोबाइलचं तोंड थेट खाली असेल तर त्याला दिशा कळत नाही आणि खूण मागच्या फोटोची किंवा कोणतीही पडते. एकाच बैठकीतल्या फोटोंत १, ६, ८ अशी सरमिसळ दिसते ती यामुळे. फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर खूण वाचून चित्र फिरवून दाखवतं, त्यामुळे त्यात मोजलेले कापायचे आकडे फाइलमधल्या खऱ्या चित्राला लागू पडत नाहीत. शिवाय `jpegtran` खूण बदलत नाही. ६ खुणेचा फोटो ९० अंश फिरवला की खूण तशीच राहते, बघताना चित्र दुसऱ्यांदा फिरतं आणि फिरवणं चुकलं असं वाटतं.

म्हणून मूळ फाइली केवळ-वाचन करून बाजूला ठेवायच्या, काम त्यांच्या नकलेवर करायचं. फाइलमधली अशी माहिती वाचायला आणि बदलायला `exiftool` हे साधन आहे. त्यानं आधी पाहणी, मग सगळ्या खुणा १ वर:

```
exiftool -T -FileName -ImageSize -YCbCrSubSampling -Orientation# *.JPG
exiftool -Orientation#=1 *.JPG
```

पहिल्या ओळीनं आकार, रंगाची पद्धत आणि खूण यांचा तक्ता मिळतो. `YCbCr4:2:0 (2 2)` दिसलं तर तुकडा १६ × १६. `YCbCr4:2:2 (2 1)` असेल तर १६ रुंद आणि ८ उंच. दुसरी ओळ फक्त खूण बदलते, चित्राला हात लावत नाही.

आता एक पान घेऊ. फुलस्केप कागद, फोटोत आडवा. खूण १ केल्यावर मोजलं तर कागद आडव्या दिशेनं २१५ ते ३७९० पिक्सेल आणि उभ्या दिशेनं ४०५ ते २५९७ पिक्सेल असा पसरलेला. हेच आकडे जसेच्या तसे दिले, म्हणजे `-crop 3575x2192+215+405`, तर `jpegtran` सुरुवातीचा कोपरा मुकाट्यानं मागच्या जाळीवर, २०८ आणि ४०० वर, नेतं आणि खालचा उजवा कोपरा होता तिथेच ठेवतं. फाइल ३५८२ × २१९७ ची होते. मागितलेलं सगळं आत आहे, पण २१९७ ला १६ नं भागून ५ उरतात, आणि पुढची `-perfect` पायरी अडते.

आकडे आपणच बसवलेले बरे. डावी बाजू: २१५ च्या मागची १६ ची पट २०८. वरची बाजू: ४०५ च्या मागची ४००. उंची: २५९७ मधून ४०० वजा केले की २१९७, त्याच्या पुढची १६ ची पट २२०८. रुंदी: ३७९० मधून २०८ गेले की ३५८२, पुढची पट ३५८४. ९० अंशासाठी रुंदी पटीत नसली तरी चालते. पण उद्या कोणी उलट फिरवायचं म्हटलं तर अडायला नको.

```
jpegtran -copy all -crop 3584x2208+208+400 -outfile k.jpg p.JPG
jpegtran -copy all -perfect -rotate 90 -outfile f.jpg k.jpg
```

निकाल २२०८ × ३५८४ चा उभा फोटो, पट्टी नाही. कागदाभोवती टेबल राहिलं ते डावीकडे ७, वर ५, उजवीकडे २ आणि खाली ११ पिक्सेल, हे मूळ आडव्या चित्राच्या दिशांनी. या फोटोत एका मिलिमीटरला सुमारे ११ पिक्सेल बसतात. जाळीमुळे एखाद्या बाजूला जास्तीत जास्त १५ पिक्सेल, म्हणजे दीड मिलिमीटरहूनही कमी टेबल शिल्लक राहतं. कागदाची कड दिसायलाच हवी, तेव्हा ते बरंच.

दोन्ही आज्ञा एकत्र करता येतात, पण मग कापायचे आकडे फिरवलेल्या चित्राचे द्यावे लागतात आणि डोक्यात गोंधळ होतो. वेगळ्या पायऱ्यांनी काही झिजत नाही, म्हणून एकत्र करायची गरजही नाही. `-copy all` मात्र विसरू नये. ते नसेल तर फक्त टिप्पणी पुढे जाते. फोटोची तारीख आणि रंगांची प्रोफाइल गळते. नंतर “रंग फिके का दिसतायत” असा प्रश्न येतो, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं.

दुसऱ्यांदा कापताना

महिन्याभरानं वाचणाऱ्यानं सांगितलं की दुसऱ्या एका फोटोत डावीकडे शेजारच्या कागदाची ४० पिक्सेलची पट्टी दिसते, ती काढा. तयार फाइलवरच पुन्हा कापता येतं, नुकसान होत नाही. पण डावीकडून आणि वरून १६ च्या पटीतच कापता येतं: ३२ किंवा ४८, चाळीस नाही. ३२ कापून ८ पिक्सेल राहू द्यावेत. ४८ कापले तर ८ पिक्सेल कागदाचे जातील. उजवीकडे आणि खाली हवं त्या पिक्सेलवर कापता येतं. यावर शक्कल सुचते, की १८० अंश फिरवून उजवीकडून ४० कापायचे आणि परत फिरवायचं. चालत नाही. कापल्यावर रुंदी पटीत राहत नाही आणि परतीच्या वाटेवर तीच अर्धवट तुकड्याची अडचण उभी राहते.

उजवीकडे मधेच कापण्याला आणखी एक बाजू आहे. फाइल पूर्ण तुकडेच ठेवते, फक्त दाखवायची रुंदी कमी होते. कापलेल्या रेषेपलीकडचे १५ पर्यंत पिक्सेल आतच असतात आणि जाणकाराला परत काढता येतात. टेबल असेल तर बिघडत नाही. सही किंवा फोन नंबर लपवायला कापत असाल, तर रेषा १६ च्या पटीवरच घ्या. त्याहून मोठी गळती लघुचित्राची: कॅमेऱ्यानं फाइलमध्ये ठेवलेलं छोटं चित्र `-copy all` बरोबर जसंच्या तसं येतं, न कापलेलं आणि न फिरवलेलं. काही फोल्डर-दर्शक तेच दाखवतात, त्यामुळे बाहेरून फोटो आडवा आणि उघडला की उभा असा प्रकार होतो. ते काढून टाकावं:

```
exiftool -ThumbnailImage= f.jpg
```

खरंच काही गेलं नाही हे कसं पाहायचं

फाइलचा आकार बघून कळत नाही. आकड्यांची मांडणी बदलली की दाबून भरण्याचा हिशेब बदलतो, आणि फाइल थोडी लहान-मोठी होते. पिक्सेल जुळवून पाहणंही फसवं आहे. फिरवलेली फाइल उघडली आणि मूळ फाइल उघडून पिक्सेल फिरवले, तर दोन्हींत कुठे कुठे अगदी किंचित फरक येऊ शकतो. उघडताना आकडे गोल करण्याचा नियम आडव्या-उभ्या दिशांना अगदी सारखा नसतो, त्याचा हा परिणाम. कापलेल्या कडेलगत रंगात किंचित फरक दिसतो, कारण निम्मा रंग ताणताना बऱ्याच सॉफ्टवेअरना शेजारचा रंग लागतो आणि तो शेजारी आता नाही. फाइलमधले पूर्णांक दोन्हीकडे तेच असतात.

भरवशाची परीक्षा म्हणजे परत फिरवून पाहणं:

```
jpegtran -copy none -optimize -outfile a.jpg k.jpg
jpegtran -copy none -optimize -rotate 270 -outfile b.jpg f.jpg
cmp a.jpg b.jpg
```

`cmp` काहीच बोललं नाही तर दोन्ही फाइली बाइटन् बाइट सारख्या आहेत. पहिल्या ओळीत चित्र फिरत नाही. दोन्ही फाइली एकाच पद्धतीनं भरल्या जाव्यात एवढ्यासाठी ती आहे. ती गाळून थेट `k.jpg` शी तुलना केली तर तारीख वगैरे माहितीमुळेच फरक निघेल. मधे कोणी एखादा फोटो संपादकात उघडून सेव्ह केला असेल, तर तो याच परीक्षेत सापडतो.

कमांड लिहायची नसेल तर विंडोजवर IrfanView त्याच्या प्लगइनसह हीच दोन कामं करतं. तिथेही कापण्याची चौकट जाळीवर सरकते. नेहमीच्या ‘क्रॉप’ आणि ‘सेव्ह’ नं मात्र फाइल नव्यानं दाबली जाते, तेव्हा मेनूतली ‘लॉसलेस’ लिहिलेलीच निवड घ्यायची.

कागद दोन अंश तिरका असेल तर यातलं काहीच उपयोगी नाही. तिरकं सरळ करायला प्रत्येक पिक्सेल नव्यानं काढावा लागतो. उजेड वाढवण्याचंही तसंच. ही कामं `f.jpg` वरून एकदाच, एकत्र करायची आणि वेगळ्या नावानं ठेवायची. पुढच्या वेळी पुन्हा `f.jpg` पासूनच सुरुवात. या दप्तरातले थोडे कागद असे निघाले. वाचणाऱ्याला ते तसेच, तिरके दिले. त्यानं मान थोडी कलती केली आणि वाचून दिले.